एबीएसचा मोठा पार्ट कोपऱ्यात उचलला जातो आणि मधेच फाटतो: थंडी, झुळूक आणि पेटीचा हिशोब

तक्रार ठरलेली असते. मे महिन्यात थ्रीडी प्रिंटरवर एबीएस प्लॅस्टिकमध्ये नीट निघालेला पार्ट डिसेंबरात निघत नाही. फाइल तीच, फिलामेंट तेच, सेटिंगही तीच. आधी एक कोपरा बेडवरून उचलतो. त्याला गोंद लावून दाबून बसवलं, की पुढच्या वेळी कोपरा जागेवर राहतो पण तीन-चार सेंटिमीटर उंचीवर दोन थरांच्या मधे आडवी भेग पडते. मग नोझल वाढवा, बेड वाढवा, फिलामेंट बदला असे प्रयोग सुरू होतात, आणि प्रत्येक प्रयोगाला पंधरा-अठरा तास आणि पाव-अर्धा किलो माल जातो.

उचललेला कोपरा आणि पडलेली भेग हे दोन वेगळे आजार नाहीत. एकाच ओढीला बाहेर पडायच्या या दोन वाटा आहेत. बेडवरची पकड कमजोर असेल तर ओढ तिथून सुटते आणि कोपरा उचलतो. पकड घट्ट केली की ओढ तशीच आत राहते आणि थरांमधला सगळ्यात कच्चा सांधा शोधून तो फाडते. म्हणून नुसता गोंद वाढवणं हा उपाय नाही, त्याने दुखणं फक्त वर सरकतं. ओढच कमी करावी लागते.

ओढ येते कुठून

एबीएस नोझलमधून २४० ते २५० अंश सेल्सिअसला बाहेर येतं. साधारण १०५ अंशांपर्यंत ते मऊ असतं, आकसलं तरी तक्रार करत नाही, कारण मऊ माल ओढ धरून ठेवू शकत नाही. १०५ च्या खाली ते कडक होतं आणि तिथून पुढचं प्रत्येक अंशाचं आकसणं खालच्या थराला ओढायला लागतं. खालचा थर आधीच थंड होऊन, आकसून बसलेला असतो. नवा थर त्याच्यावर गरम असताना चिकटतो आणि मग आकसतो. तो आकसताना खालच्याच्या कडा आत आणि वर खेचतो. असे शंभर-दोनशे थर चढले की पार्टची टोकं धनुष्यासारखी वर येऊ पाहतात.

एबीएस किती आकसतं याचा आकडा मालागणिक थोडा बदलतो, पण हिशोबाला एक मीटर लांबीमागे एका अंशाला ०.०९ मिलिमीटर धरला तर चालतं. आता उदाहरणाला एक नेमका पार्ट घेऊ. द्राक्षबागेत ठिबकमधून खत सोडणाऱ्या कंट्रोलरचं झाकण: २६० मिमी लांब, १७० मिमी रुंद, ८० मिमी उंच, भिंत ३ मिमी. ३०० बाय ३०० च्या बेडवर हे मावतं आणि ०.२ मिमीच्या थराने साधारण अठरा तास घेतं. नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये, डिसेंबरात, पहाटे आतली हवा १२ अंशांवर आली असं धरा. उघड्या प्रिंटरवर या पार्टला १०५ पासून १२ पर्यंत, म्हणजे ९३ अंश उतरायचं आहे. २६० मिमी लांबीवर हे आकसणं जवळपास २.२ मिमी भरतं. हे २.२ मिमी प्रत्येक नव्या थराला हवे असतात आणि खालचा थर ते देत नाही. तीच ओढ.

याच पार्टभोवतीची हवा ६० अंशांवर ठेवली तर थराला छपाईच्या दरम्यान फक्त ४५ अंश उतरावं लागतं आणि ओढ निम्म्याहून कमी होते. उरलेलं आकसणं छपाई संपल्यावर होतं. त्या वेळी सगळा पार्ट एकत्र, सारखाच थंड होतो, त्यामुळे कोणी कोणाला ओढत नाही. पेटीचं, म्हणजे एन्क्लोजरचं, खरं काम एवढंच आहे. पार्ट एकूण कमी आकसतो असं नाही, तो एकदम आणि सारखा आकसतो.

लहान पार्टला हा त्रास का होत नाही, तेही इथेच कळतं. आकसण्याचं प्रमाण तेच असलं तरी टोकं किती वर येऊ पाहतात ते लांबीच्या वर्गाने वाढतं. लांबी दुप्पट झाली की टोकाचं उचलणं चौपट. शिवाय लहान पार्टचा एक थर दहा-पंधरा सेकंदांत होतो, त्यामुळे खालचा थर अजून गरम असतो. आपल्या झाकणाचा एक थर अडीच-तीन मिनिटं घेतो. नोझल फिरून परत त्याच जागी येईपर्यंत खालचा थर भोवतालच्या हवेइतका थंड झालेला असतो. म्हणजे मोठ्या पार्टमध्ये थराचं तापमान हवाच ठरवते, तुमचं नोझल नाही.

झुळूक वेगळी का मोजावी लागते

थंड हवा आणि वाहती हवा या दोन गोष्टी आहेत. स्थिर हवेत पार्टला बिलगून गरम हवेचा एक पातळ थर राहतो, गोधडीसारखा. पंख्याची किंवा खिडकीची हलकीशी झुळूकही तो पुसून टाकते आणि उष्णता कितीतरी पटींनी वेगात निघून जाते. त्यामुळे ३० अंशांच्या खोलीत छताचा पंखा चालू असेल तर पार्टची अवस्था पंखा नसलेल्या थंड खोलीपेक्षाही वाईट होऊ शकते.

दुसरा परिणाम सांध्यावर होतो. नवा थर खालच्या थराशी खरा जोडला जातो तो दोघांमधला पृष्ठभाग १०५ च्या वर असेपर्यंत, आणि ही वेळ फार तर एक-दोन सेकंदांची असते. झुळूक हा वेळ तोडते. म्हणजे झुळूक एकाच वेळी ओढ वाढवते आणि ओढ सोसणारा सांधाही कच्चा करते. भेगा म्हणूनच झुळकेच्या बाजूला पडतात.

यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. ज्या प्रिंटरचा बेड पुढे-मागे पळतो, त्यात पार्ट स्वतःच हवेतून धावत असतो. खोली अगदी बंद असली तरी पार्टला स्वतःच्याच हालचालीचा वारा लागतो. अशा मशीनला पेटीची गरज जास्त असते, कारण हा वारा बंद करता येत नाही, फक्त गरम करता येतो.

आधी भेग वाचा

काहीही बदलण्याआधी फुटलेला पार्ट हातात घेऊन भेग कुठे आहे ते नीट पाहा. बहुतेक उत्तर तिथेच असतं.

कोपरा पहिल्या चार-पाच मिलिमीटरमध्येच उचलला असेल तर बेडकडे बघा. स्क्रीनवर ११० दिसत असलं तरी वरच्या पत्र्याचं खरं तापमान पाच-दहा अंश कमी असू शकतं, कडेला त्याहून कमी. बेड तापल्याबरोबर छपाई सुरू केली तर हमखास तसंच असतं.

पहिले दोन-अडीच सेंटिमीटर सुंदर आणि त्याच्या वर भेग असेल, तर बेडचा दोष नाही. बेडची ऊब साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत पोचते. त्याच्या वर पार्ट सर्वस्वी हवेच्या भरवशावर असतो. इथे गोंद, ब्रिम म्हणजे तळाभोवती छापलेली पातळ पट्टी, बेडचं तापमान यांपैकी काहीही वाढवून उपयोग नाही.

भेग एकाच बाजूला असेल तर ती बाजू पेनने खूण करून ठेवा आणि पुढच्या वेळी पार्ट स्लायसरमध्ये, म्हणजे फाइलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, १८० अंश फिरवून छापा. भेग पुन्हा खिडकीच्या, दाराच्या किंवा पंख्याच्याच बाजूला पडली तर झुळूक नक्की. भेग पार्टबरोबर फिरून दुसऱ्या बाजूला गेली तर दोष आकारात आहे: चौकोनी तीक्ष्ण कोपरा, मोठ्या भोकाची कड, किंवा पातळ भिंत अचानक जाड होते ती जागा. अठरा तासांचा पूर्ण पार्ट यासाठी छापायची गरज नाही, उंची कापून ५० मिमीपर्यंतच छापा.

चारही बाजूंना एकाच उंचीवर भेग असेल तर त्या थराच्या वेळी काहीतरी घडलं आहे. कधी, ते काढता येतं. आपल्या झाकणात भेग ४६ मिमीवर आहे समजा. स्लायसरच्या प्रीव्ह्यूमध्ये त्या थरावर गेलं की तिथपर्यंतचा वेळ दिसतो, या पार्टला साधारण साडेदहा तास. छपाई संध्याकाळी सहाला सुरू केली होती, म्हणजे तो थर पहाटे साडेचारच्या सुमाराला पडला. नाशिकच्या हिवाळ्यात दिवसभरातली सगळ्यात थंड वेळ त्याच पहाटेची, सूर्योदयापर्यंतची. एवढं कळलं की उपाय फिलामेंटच्या दुकानात शोधायचा नाही हे स्पष्ट होतं. भेग प्रत्यक्षात उघडते ती बऱ्याचदा नंतर, वरचे थर चढून ओढ वाढल्यावर. पण ती उघडते कच्च्या राहिलेल्या थरातच, म्हणून हा हिशोब लागू पडतो.

आणि पार्ट छापून पूर्ण झाला, दार उघडलं आणि दहा-पंधरा मिनिटांनी ‘टक’ असा आवाज आला, तर चूक थंड करण्यात आहे. त्याबद्दल खाली.

साधी पेटी किती ऊब देते

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. पेटी लावली म्हणजे आत ५०-६० अंश होणारच, असं नाही. हीटर नसलेली पेटी ठरावीक तापमान देत नाही, ती बाहेरच्या हवेवर ठरावीक भर घालते. बाहेर जे असेल त्यात ती भर मिळवायची.

भर किती, याचा अंदाज कागदावर काढता येतो. पेटी ५० बाय ५० सेंमी आणि ५५ सेंमी उंच धरा. सहा बाजूंचं क्षेत्रफळ साधारण १.६ चौरस मीटर. ३ मिमी पॉलीकार्बोनेट किंवा ॲक्रिलिकच्या एकेरी शीटमधून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ४ वॉट बाहेर जातात. म्हणजे पेटी एका अंशाला ६.४ वॉट गमावते. आत उष्णता देणारे म्हणजे १०५ अंशांवर धरून ठेवलेला बेड, सुमारे १३० वॉट, आणि नोझल, मोटर वगैरे मिळून आणखी ४०. एकूण १७० वॉट. भागाकार केला की भर येते २६ अंशांची.

मे महिन्यातल्या दुपारी शेडमध्ये ३८ अंश असतात. ३८ अधिक २६, आत ६४. झाकण झकास निघतं. डिसेंबरात पहाटे १२ अधिक २६, आत फक्त ३८. थराला आता ४१ ऐवजी ६७ अंश उतरावं लागतं आणि २६० मिमीवरचं आकसणं ०.९६ वरून १.५७ मिमीवर जातं. पेटी तीच, सेटिंग तीच, ओढ दीडपटीहून जास्त. सुरुवातीची तक्रार या दोन बेरजांमध्ये पूर्ण सामावलेली आहे.

हिवाळ्यात लगेच हीटर बसवायची घाई होते, पण आधी भिंती जाड करणं स्वस्त आणि सुरक्षित आहे. शेडच्या पत्र्याखाली उष्णता अडवायला फॉइल चिकटवलेला जो एक्सएलपीई फोम लावतात, त्याची १० मिमी जाडीची शीट पुरते. समोरचं दार पारदर्शक ठेवून बाकीच्या पाचही बाजूंना, तळालासुद्धा, तो बाहेरून लावला की पेटीचं नुकसान एका अंशाला ६.४ वरून साधारण ३.६ वॉटवर येतं. आतली हवा गरम झाली की बेडही कमी वीज ओढतो, त्यामुळे भर दुप्पट होत नाही. तरीही ती २६ वरून ३६ च्या आसपास जाते. १२ अंशांच्या पहाटे आत ४८. या झाकणाला, गोल कोपरे आणि नीट ब्रिम असेल तर, एवढं पुरायला हरकत नाही.

त्याहूनही ६० हवेच असतील तर आता फोमच्या पेटीला फक्त ४५-५० वॉटची तूट आहे. म्हणजे नियंत्रणासह १०० वॉटचा छोटा पीटीसी हीटर भागवतो. फोम न लावता तेच ६० गाठायचे तर साधारण १८० वॉटची तूट निघते, आणि हीटर जितका मोठा तितका त्याचा पंखा मोठा, तितकी पेटीत नवी झुळूक. हीटर बसवलाच तर त्याचा झोत पार्टवर नको, भिंतीकडे किंवा बेडच्या खाली हवा. विजेच्या वायरमध्ये ८० अंशांना आपोआप तोडणारा वेगळा थर्मल कटआउट हीटरच्या अगदी जवळ, मालिकेत हवा. कंट्रोलर बोर्ड बिघडून हीटर चालूच राहिला तर तोच एक आधार असतो. भिंतींना साधं थर्मोकोल वापरू नका. ते ८० अंशांच्या आसपास आकसायला लागतं आणि पेट घेतलं तर झपाट्याने जळतं. गोधडी किंवा ब्लँकेट टाकायची वेळ आलीच तर ते पेटीच्या बाहेर, आणि वायर, पॉवर सप्लाय यांपासून लांब.

६० च्या वर जायचा मोह आवरा. साध्या मशीनचे पीएलएमध्ये छापलेले भाग ५५-६० अंशांनाच मऊ पडतात, पीईटीजीचे ७५-८० ला. पॉवर सप्लाय आणि बोर्ड पेटीच्या बाहेरच काढा. गरम चेंबरमध्ये छापायचं आणि मोटर-यंत्रणा मात्र चेंबरबाहेर ठेवायची, ही रचना अमेरिकेत २००४ मध्ये स्ट्रॅटासिसच्या नावे पेटंट झाली होती. ते पेटंट २०२१ मध्ये संपलं. घरगुती मशीन इतकी वर्षं हीटर नसलेल्या पेट्यांवर का थांबली होती, त्याचं हे एक कारण.

फटी शोधणं

पेटी लावूनही भेग एकाच बाजूला पडत असेल तर कुठूनतरी हवा येते आहे. बेड १०५ वर अर्धा तास ठेवा, खोलीचा पंखा नेहमीसारखा असू द्या, आणि पेटवलेली उदबत्ती पेटीच्या सांध्यांजवळून बाहेरून हळूहळू फिरवा. ॲसिटोनची बाटली त्या वेळी खोलीत उघडी नको. धूर सरळ वर गेला तर सांधा बंद आहे. धूर आत ओढला गेला किंवा बाहेर ढकलला गेला तर तिथे फट आहे.

वरच्या फटी सगळ्यात वाईट. गरम हवा छतातून निसटते आणि तेवढीच थंड हवा खालून, बेडच्या कडेने आत येते. फिलामेंटसाठी वर ठेवलेलं तीन सेंटिमीटरचं भोक पूर्ण पेटीचं धुराडं करून टाकतं. तिथून नळी घेऊन भोक तिच्या मापाचं करा आणि कडेला ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा. बाहेर काढलेल्या वायरींच्या भोकांनाही तेच.

बेडखालच्या डब्यात बोर्ड असलेल्या मशीनमध्ये बोर्डाचा पंखा खोलीतली थंड हवा ओढून ती पेटीतच सोडत असतो. पेटी बाहेरून कितीही बंद केली तरी हा स्रोत आत बसलेला असतो. बोर्ड बाहेर काढणं हाच त्यावर उपाय. तसंच धूर काढायचा एक्झॉस्ट. छापताना तो पूर्ण वेगाने चालवला तर जेवढी गरम हवा बाहेर, तेवढी थंड हवा फटींतून आत. एबीएसमधून स्टायरीनचा वास आणि सूक्ष्म कण निघतात, त्यामुळे ते तसंच श्वासात घेणंही बरोबर नाही. छापताना पेटीच्या आतच फिरणारा कार्बन फिल्टर मंद चालवावा, माणसाने त्या खोलीत बसू नये, आणि एक्झॉस्ट छपाई संपून पेटी थंड झाल्यावर पूर्ण चालवावा.

तापमान मोजायची जागाही महत्त्वाची. थर्मामीटर छताला लटकवला तर तो दहा अंश जास्तच दाखवतो, आणि बेडच्या थेट वर धरला तर बेडचीच ऊब मोजतो. पार्टच्या अर्ध्या उंचीवर, बेडच्या कडेपासून पाच सेंटिमीटर बाहेर ठेवा. वरचा सगळा हिशोब त्या जागेच्या आकड्याचा आहे.

झाकण छापायचा क्रम

रेखाटनापासूनच सुरू करा. झाकणाचे उभे कोपरे निदान ६ ते ८ मिमी त्रिज्येचे करा. तीक्ष्ण कोपऱ्यात दोन भिंतींची ओढ एका बिंदूवर येते. आतलं भरण १५ ते २० टक्के, जायरॉइड जाळीचं. जास्त भरण म्हणजे आकसणारा जास्त माल, ताकद भिंतींच्या संख्येतून घ्या. ब्रिम ८ मिमी, पार्टला चिकटलेली, अंतर शून्य. पेटी नसलेल्या मशीनवर छापायलाच लागलं तर स्लायसरमधला `Draft shield` चालू करा. तो पार्टभोवती एका थराची भिंत उभी करतो आणि झुळूक अडवतो. पण हवा गरम करत नाही, त्यामुळे हिवाळ्यात एवढ्या मोठ्या पार्टला एकटा पुरत नाही.

फिलामेंट ८० अंशांवर चार तास सुकवा. पावसाळ्यात हे चुकवू नका. ओलं एबीएस नोझलपाशी बारीक तडतडतं आणि थरांचा सांधा कच्चा ठेवतं, मग भेगेचं खापर हवेवर फुटतं.

बेड १०५ ते ११० ला लावून दार बंद करा आणि थांबा. बेड पाच-दहा मिनिटांत तापतो, पण पेटीच्या भिंती आणि फ्रेम तापायला ३० ते ४५ मिनिटं लागतात. मशीनवर क्लिपर हे फर्मवेअर असेल आणि पेटीत थर्मिस्टर जोडलेला असेल तर ही वाट मशीनलाच बघायला लावता येते. सुरुवातीच्या जी-कोडमध्ये:

```
M140 S110
TEMPERATURE_WAIT SENSOR="temperature_sensor chamber" MINIMUM=45
M190 S110
```

इथे `chamber` हे कॉन्फिगमध्ये तुम्ही सेन्सरला दिलेलं नाव आहे. ४५ चा आकडा मात्र तुमच्या पेटीला झेपणारा हवा. बेरीज ३८ च्याच पुढे जात नसेल तर मशीन रात्रभर नुसतं वाट बघत बसेल.

नोझल २५० ठेवा. २३० ला भिंत जास्त गुळगुळीत दिसते, पण सांधा कच्चा राहतो. पार्ट थंड करणारा पंखा भिंतींसाठी शून्य, फक्त हवेतल्या पुलांसाठी २० ते ३० टक्के. बेड पहिल्या थराला ११० वर, पुढे १०५. आणि सुरुवातीची वेळ बदला. हेच झाकण संध्याकाळी सहाऐवजी सकाळी सातला सुरू केलं तर रात्री एकला संपतं आणि पहाटेची थंडी छपाईत येतच नाही. हा बदल फुकटचा आहे, तो पहिल्यांदा करून बघा.

छपाई चालू असताना दार उघडू नका. कोपरा बघायला एक मिनिट दार उघडलं की पेटीतली हवा जवळजवळ खोलीइतकी थंड होते आणि परत यायला कितीतरी वेळ घेते. तेवढ्यात पडलेले पाच-सहा थर भेगेची जागा तयार करून ठेवतात. उघडावंच लागलं तर त्या थराची उंची लिहून ठेवा.

संपल्यावर सगळ्यात मोठी चूक होते ती उतावीळपणाची. पार्ट ६० अंशांच्या हवेत आहे, तळ १०५ वर आहे, आणि दार उघडून १२ अंशांची हवा आत सोडली तर वरच्या पातळ भिंती आधी आकसतात, तळ नंतर. ओढ पुन्हा तयार होते, तीही दोन मिनिटांत. बेड टप्प्याटप्प्याने उतरवा:

```
M104 S0
M107
M140 S80
G4 P1800000
M140 S60
G4 P1800000
M140 S0
```

प्रत्येक थांबा अर्ध्या तासाचा आहे. त्यानंतरही पेटीतलं तापमान खोलीच्या दहा-एक अंश जवळ येईपर्यंत दार बंदच ठेवा. गार झाला की पार्ट बेडवरून बहुतेकदा स्वतःच सुटतो, पट्टीने उचकटावा लागत नाही.

सरळ निघालेलं झाकण मोजलं तर ते आखलेल्या मापापेक्षा लहान भरेल. १०५ पासून खोलीपर्यंतचं एकूण आकसणं कुठे गेलेलं नाही, ते फक्त सारखं झालं आहे. २६० मिमीवर दीड-पावणेदोन मिमी कमी येणं अपेक्षित आहे. पहिला नीट पार्ट मोजा, आणि पुढच्याला एक्स आणि वाय दिशेने त्या प्रमाणात वाढवा, साधारण १००.५ ते १००.७ टक्के. वाकलेल्या पार्टवर हे माप घेऊ नका.

भेग पडलीच तर, आणि वीज गेलीच तर

केसासारखी बारीक, आरपार न गेलेली भेग भरता येते. त्याच रंगाच्या एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून मधासारखी घट्ट लापशी करा, पार्ट पूर्ण गार असताना भेग हलकी उघडून ती आत भरा आणि शिकंज्यात धरून रात्रभर ठेवा. हे काम तापलेल्या बेडजवळ किंवा पेटीत करायचं नाही, ॲसिटोनची वाफ सहज पेटते. पाणी अडवायचं झाकण असेल तर आतून एक पट्टीही चिकटवा. बोट घातल्यावर दोन्ही कडा एकमेकांवर सरकतात इतकी भेग असेल तर पार्ट सोडून द्या.

वीज जाण्याचा प्रश्न एबीएसला वेगळाच पडतो. वीज परत आल्यावर पुढे छापायची सोय मशीनमध्ये असली तरी तोवर बेड गार होतो आणि पार्ट सुटतो, किंवा सुटत नाही पण आकसून बसतो. त्यावर गरम थर घातला की सांधा नेमका त्याच रेषेत फाटतो. पाच मिनिटांच्या खंडानंतर बंद पेटीत पार्ट वाचू शकतो, अर्ध्या तासानंतर नाही. इन्व्हर्टर लावायचा तर बेडची पूर्ण वीज धरून लावा. ३०० मिमीचा बेड तापताना ४०० ते ७०० वॉट ओढतो, पण तापलेला बेड धरून ठेवायला सरासरी १०० ते १५० पुरतात. म्हणून छपाई सुरू करण्याआधीच बेडचं कमाल बळ फर्मवेअरमधून निम्म्यावर आणलं तर तापतानाही सरासरी वीज निम्मीच लागते. क्लिपरमध्ये `[heater_bed]` खाली `max_power: 0.5`. तापायला दुप्पट वेळ लागेल, पण पेटी तापायची वाट आपण तसेही पाहणारच आहोत. बेड वेळेत तापत नाही म्हणून क्लिपर एरर देऊन थांबला, तर ०.६ करून बघा.